चार हजार तीनशे तेहेतीस पौर्णिमा

शिवराज्याभिषेकाची मिती आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार अशी सांगतो. जेधे शकावलीत मात्र याच प्रसंगापुढे ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद आहे. पुढे २१ घटी ३४ पळे असे आकडे आहेत आणि तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले, असे तिच्यात सांगितले आहे. या दोन मित्यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर कोणतीही बखर न उघडता, केवळ पौर्णिमा मोजून मिळते. ते कसे, ते या लेखात मांडतो.

पद्धत साधी आहे. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे जातात, दशांशात २९.५३०५८८ दिवस. एक पौर्णिमा ठाऊक असली की तीत हा आकडा मिळवत जायचे. २०२४ च्या कोजागरीचे उदाहरण घेऊ. त्या वेळची पौर्णिमा १७ ऑक्टोबरला दुपारी ४ वाजून ५६ मिनिटांनी संपली. त्यात एक चांद्रमास मिळवला की १६ नोव्हेंबरची पहाट येते, ५ वाजून ४० मिनिटे. प्रत्यक्षात त्रिपुरी पौर्णिमा त्या पहाटे २ वाजून ५८ मिनिटांनी संपली. म्हणजे अंदाज पावणेतीन तासांनी चुकला. कारण चंद्र सारख्या वेगाने चालत नाही. पृथ्वीजवळ असताना तो घाई करतो, दूर असताना रेंगाळतो. त्यामुळे प्रत्यक्ष चांद्रमास कधी २९ दिवस ७ तासांच्या आत-बाहेर, तर कधी २९ दिवस २० तासांपर्यंत भरतो.

एका महिन्यात तीन तास चुकत असतील तर साडेतीनशे वर्षांत काय होईल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण ही चूक साठत नाही. चंद्राची घाई आणि त्याचे रेंगाळणे एकमेकांना फेडत राहतात. सरासरीपासून खरी पौर्णिमा फार तर चौदा-पंधरा तास मागे-पुढे सरकते. मग ती पुढची असो की चार हजारावी. साठते ती चूक वेगळी, आपण घेतलेल्या मासमानाची. तिच्याकडे पुढे वळू.

आता मागे जाऊ. राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन ६ जून १६७४ ही तारीख देतो. ती जुन्या, ज्युलियन कालगणनेची. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये सोडली. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून ठरतो. त्या दिवशी त्रयोदशी असेल तर पौर्णिमा १८ जूनच्या आसपास हवी. १८ जून १६७४ पासून १७ ऑक्टोबर २०२४ पर्यंत १,२७,९५६ दिवस होतात. त्यांना २९.५३०५८८ ने भागले की भागाकार ४३३३ येतो आणि उरत काहीच नाही. काटेकोर सांगायचे तर ४३३३ चांद्रमासांचे १,२७,९५६.०४ दिवस होतात. म्हणजे कोजागरीच्या पौर्णिमेपासून मागे मोजत आलो की १८ जून १६७४ च्या दुपारी चारच्या सुमारास थांबतो. चंद्राच्या वेगातील चढउतार हिशेबात घेऊन मी पुन्हा गणित केले, तेव्हा दुपारी एकच्या सुमाराची वेळ आली. साडेतीनशे वर्षे ओलांडून अंदाज तीन तासांनी चुकला. कोजागरीवरून त्रिपुरी काढतानाही जवळपास तेवढाच चुकला होता.

ज्युलियन तारीख तशीच धरली असती तर? तर पौर्णिमा ८ जूनला गृहीत धरून १,२७,९६६ दिवस मोजले गेले असते आणि भागाकारानंतर दहा दिवसांची बाकी उरली असती. जुन्या कागदांची पडताळणी करताना ही बाकी फार उपयोगी पडते. ती शून्याच्या किंवा पुऱ्या महिन्याच्या एका दिवसाच्या आत आली तर तारीख आणि तिथी यांचा मेळ आहे. सतराव्या शतकाच्या कागदात नेमकी दहा आली तर कालगणनेचा घोटाळा आहे, असे बहुधा समजावे. मात्र या रीतीने महिन्याचे नाव किंवा वर्ष ठरत नाही. तिथी तीच ठेवून मिती एक महिना इकडेतिकडे केली, तरी बाकी शून्यच राहील.

आता मासमानाविषयी. शाळेत शिकवतात तो साडेएकोणतीस दिवसांचा महिना एका पौर्णिमेवरून पुढची काढायला पुरेसा आहे. पण त्याने ४३३३ महिने मागे गेलो तर १३२ दिवस कमी पडतात आणि आपण १६७४ च्या ऑक्टोबरअखेरीस पोहोचतो. तिथे पौर्णिमा तर नसतेच, उलट अश्विनातली लक्ष्मीपूजनाची अमावास्या असते! वेदांगज्योतिषाचे मान यापेक्षा बरे आहे. पाच वर्षांच्या युगात १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास, म्हणजे महिना २९.५१६ दिवसांचा. तरीही दर युगाला जवळजवळ एक दिवस मागे पडतो आणि आपल्या ४३३३ महिन्यांत ६३ दिवस. अशा पंचांगावर चालणाऱ्याला दहा-पंधरा वर्षांतच पौर्णिमेच्या रात्री चंद्र अपुरा दिसू लागेल. त्याने आकाशाकडे पाहून गणित सावरले असेल, असेच मला वाटते. नाहीतर ते टिकते ना.

आर्यभटापाशी आलो की चित्र पालटते. त्याच्या महायुगात सूर्याच्या ४३,२०,००० आणि चंद्राच्या ५,७७,५३,३३६ प्रदक्षिणा आहेत. त्यांची वजाबाकी म्हणजे चांद्रमासांची संख्या, ५,३४,३३,३३६. महायुगाच्या १,५७,७९,१७,५०० दिवसांना तिने भागले की २९.५३०५८२ येतात. या मासमानाने कोजागरीपासून रायगडापर्यंत मागे गेलो तर आजच्या आकड्याशी फरक पडतो तो पाऊण तासाचा.

राहिला प्रश्न द्वादशी की त्रयोदशी. चांद्रमासाचा तिसावा भाग म्हणजे तिथी, सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. पौर्णिमा १८ जूनला दुपारी एकला संपत असेल तर द्वादशी तिच्या तीन तिथी आधी, म्हणजे १५ जूनला दुपारी दोनच्या सुमारास संपते. त्या दिवशी शुक्रवार होता. द्वादशी संपल्यावर त्रयोदशी लागली, ती शनिवारी दुपारपर्यंत राहिली. राज्याभिषेक झाला तो शनिवारच्या सूर्योदयापूर्वी. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या तिथीचे. त्यामुळे शकावलीकाराच्या लेखी तो दिवस अजून शुक्रवार, द्वादशीच होता. प्रत्यक्ष मुहूर्ताला मात्र त्रयोदशी चालू होती. दोन्ही मित्या एकाच पहाटेच्या आहेत.

आणि ते २१ घटी ३४ पळे? एक घटी २४ मिनिटांची. सूर्योदयापासून मोजले तर ८ तास ३८ मिनिटे होतात. जूनच्या मध्यावर रायगडावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे शकावलीप्रमाणे द्वादशी शुक्रवारी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास संपली. आपल्या हिशेबाशी फरक अर्ध्या तासाचा.