पाळीची तारीख आणि गुडघ्याचा दोर

माझी मावसबहीण कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते. पारनेरजवळच्या गावात मातीवर शिकली आणि नगरला आल्यावर मॅटवर खेळू लागली. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात चढाई करून मध्यरेषेकडे परतताना तिने उजव्या पायावर गिरकी घेतली. कुणी धक्का दिला नव्हता की पकडही केली नव्हती. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि ती खाली बसली. एमआरआयमध्ये एसीएल तुटल्याचं दिसलं.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “दादा, रीलमध्ये सांगतात की ओव्ह्युलेशनच्या दिवसांत लिगामेंट सैल होतात, तेव्हा खेळायचं नसतं. माझा त्या दिवशी तेरावा दिवस होता. म्हणजे चूक माझीच ना?”

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण तिच्या प्रश्नातल्या त्या ‘चूक’ शब्दाने मला झोप येईना. म्हणून ही कल्पना आली कुठून, हे शोधत मागे गेलो.

आधी गुडघ्याचं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये आत एक तिरका, जाड दोर असतो. तो एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा आतल्या बाजूला पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. वेगात असताना थांबणं, वळणं किंवा उडी मारून एका पायावर उतरणं, या क्षणी त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणून बहुतेक एसीएल कुणाशीही टक्कर न होता तुटतात. कबड्डी आणि खोखो तर थांबण्या-वळण्यावरच उभे आहेत.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या दुखापतींच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींचे एसीएल मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात तुटत होते. मैदान तेच आणि नियमही जवळपास तेच असताना फरक कशाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, माणसाच्या एसीएलमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर सापडले. म्हणजे हा दोर हॉर्मोनचा निरोप ‘ऐकतो’. पाठोपाठ प्रयोगशाळेत सशाच्या एसीएलच्या पेशींवर इस्ट्रोजेन टाकून पाहिलं, तेव्हा त्यांचं कोलॅजेन बनवणं मंदावलं. कोलॅजेन म्हणजे त्या दोराचे धागे. मग तर्क सरळ वाटला. बीज बाहेर पडण्याआधी इस्ट्रोजेन चढतं, त्यामुळे दोर सैल होतो आणि तुटतो.

१९९८ मध्ये मिशिगनच्या एडवर्ड वॉयटिस यांच्या गटाने एसीएल तुटलेल्या २८ स्त्रियांना पाळीच्या तारखा विचारल्या. चक्राच्या दहाव्या ते चौदाव्या दिवसांत अपेक्षेपेक्षा जास्त दुखापती निघाल्या. आजच्या रीलचं मूळ साधारण इथे आहे.

पण हा आकडा जरा उलगडून बघू. २८ दिवसांच्या चक्रात हे पाच दिवस. दुखापती सगळ्या दिवसांत सारख्या विखुरल्या असत्या, तर २८ पैकी ५ या खिडकीत पडायला हव्यात. दोन-चार जणींची तारीख इकडची तिकडे झाली, तरी निष्कर्ष हलतो. आणि तारीख तर आठवणीतून सांगितलेली. त्याच सुमारास नॉर्वेच्या हँडबॉलपटूंमध्ये दुखापती पाळीच्या आसपासच्या दिवसांत जास्त दिसल्या, म्हणजे चक्राच्या दुसऱ्याच टोकाला. दोन लॉग एकमेकांशी जुळत नसतील, तर आमच्या धंद्यात पहिला संशय टाइमस्टॅम्पवर घेतात.

इथेही गोम तीच आहे. बहिणीचं उदाहरण घ्या. तिचं चक्र २८ दिवसांचं नाही, ३५ दिवसांचं आहे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. म्हणजे तिच्या बाबतीत ते विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या आसपास येणार. तेराव्या दिवशी कॅलेंडर तिला ‘ओव्ह्युलेशन’च्या खान्यात टाकतं, पण शरीर त्यापासून आठवडाभर मागे असतं. काही चक्रांत तर पाळी वेळेवर येते, पण बीज बाहेर पडलेलंच नसतं, आणि भरपूर सराव करून कमी खाणाऱ्या मुलींमध्ये हे विशेष घडतं. खरा टप्पा कळायला रक्तातली किंवा लघवीतली हॉर्मोन मोजावी लागतात.

२००६ मध्ये व्हर्माँटच्या ब्रूस बेनन यांच्या गटाने ते केलं. बर्फावर स्कीइंग करताना एसीएल तुटलेल्या ४६ स्त्रियांचं रक्त घेतलं आणि तुलनेसाठी दुखापत न झालेल्या ४५ जणींचंही घेतलं. बीज बाहेर पडण्याआधीच्या टप्प्यात दुखापतीची शक्यता नंतरच्या टप्प्यापेक्षा तिप्पट निघाली. पण त्या तिपटीची खरी किंमत जवळजवळ एकपट ते दहापट यांत कुठेही असू शकते, इतका नमुना लहान होता. शिवाय ‘आधीचा टप्पा’ म्हणजे जवळपास अर्धं चक्र. अर्धा महिना बाकावर कोण बसवणार?

आता सैलपणाकडे वळू. तो मोजायला पायाला एक उपकरण बांधतात. खेळाडू निवांत पडून, गुडघा थोडा वाकवून असते आणि नडगी साधारण साडेतेरा किलोच्या जोराने पुढे ओढली जाते. ती किती मिलिमीटर सरकली, ते वाचायचं. २०१७ मध्ये २१ अभ्यास एकत्र तपासले गेले. बीजोत्सर्गाच्या वेळी सैलपणा आधीच्या दिवसांपेक्षा वाढतो असं दिसलं, आणि वाढ होती सरासरी ०.४ मिलिमीटर. त्याच लेखात पुराव्याचा दर्जा ‘अतिशय कमी’ असल्याचंही म्हटलं आहे. ताडून पाहायचं तर एसीएल तुटला का हे ठरवताना डॉक्टर दोन गुडघ्यांत ३ मिलिमीटर किंवा जास्त फरक शोधतात. आणि तोच गुडघा दोनदा मोजला, तर अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होणं नवं नाही.

म्हणजे फरक बहुधा खरा आहे, पण बारीक आहे. तो मोजला जातो निवांत पडलेल्या पायावर. चढाईत मात्र गुडघा सांभाळतात मांडीचे पुढचे-मागचे आणि कुल्ह्याचे स्नायू. सैलपणापासून तुटण्यापर्यंतचा पूल अजून कुणी पक्का बांधलेला नाही. २०२१ मध्ये इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाच्या चार वर्षांच्या नोंदी आल्या. त्यात बीज बाहेर पडण्याआधीच्या दिवसांत ठळक वाढ दिसली ती स्नायू आणि टेंडनच्या दुखापतींची. तिथेही टप्पे कॅलेंडरवरूनच काढले होते.

याउलट एका गोष्टीचा पुरावा भक्कम आहे. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं एका पायावर उतरणं, गुडघा आत न झुकवता थांबणं-वळणं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांवर नियमित काम केलं, तर मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्यावर येतात. हे चक्राच्या कुठल्याही दिवशी करता येतं.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दादा, आम्हाला कुणी उतरायला शिकवलंच नाही. पाळीबद्दल तर सरांशी बोलायचीच सोय नाही, नुसतं ‘पोट दुखतंय’ म्हणायचं.”

मार्च २०२४ मध्ये नगरच्या वाडिया पार्कला पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली, तेव्हा ती कुबडी टेकवत बघायला गेली होती. आता ती पुन्हा खेळते. पाळीची तारीख एका वहीत लिहिते, शेजारी त्या दिवशीची झोप, थकवा आणि कुठे दुखलं तेही. ज्युनिअर मुलींनाही तिने वह्या दिल्यात. कुणाला कधी बसवायचं हे ठरवायला नाहीत त्या. पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर ते निदान कुणाच्या तरी लक्षात यावं, म्हणून. आणि सराव सुरू होण्याआधी ती त्यांना पायरीवरून उडी मारायला लावते, एका पायावर, आणि समोर बसून फक्त त्यांचे गुडघे बघत राहते.