परसात एकपाखी शेड बांधताना : उतार किती, वासा केवढा, पत्रा कोणता आणि वाऱ्यात उडू नये म्हणून काय?

मोलगी : मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग आमचूर, त्यानंतर पावसाळ्यासाठी लाकूडफाटा. मोलगी परिसरात घरात माल भरायला लागला की परसात एक छपरी हवीच असं वाटू लागतं. घराच्या मागच्या भिंतीला टेकवून एकाच बाजूला उतार दिलेली शेड, म्हणजे एकपाखी पडवी, हा त्यातला सगळ्यात सोपा प्रकार. वासे, पत्रे, चार खांब आणले की गावातलाच सुतार किंवा वेल्डिंगवाला दोन-तीन दिवसांत उभी करून देतो.

पण वळवाच्या वादळात पहिली उडते तीही हीच शेड. पत्रे फाटलेले नसतात, खिळ्यांसकट निघून शेजारच्या वावरात पडलेले असतात. म्हणून शेड बांधताना पत्रा खाली कसा पडणार नाही एवढंच बघून भागत नाही, तो वर कसा जाणार नाही हेही बघावं लागतं.

उदाहरणासाठी एक नेहमीची शेड धरू. मागची भिंत पक्क्या विटांची, शेडची लांबी १५ फूट, भिंतीच्या बाजूला उंची ९ फूट आणि तीन बाजू उघड्या.

आधी पत्रा, मग खांबाचा खड्डा

बहुतेक ठिकाणी आधी खांब रोवतात आणि मग पत्रा आणायला जातात. मग पत्रा एक फूट कमी पडतो, नाहीतर दोन फूट बाहेर लोंबतो. बाहेर लोंबणारा पत्रा म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेलं टोक. खांबापुढे पत्रा एक फुटापेक्षा जास्त काढू नये.

१० फुटी पत्रा घ्यायचा असेल तर एक फूट पुढे सोडून उताराच्या रेषेत ९ फूट उरतात. त्या हिशेबाने खांब भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर येतात. खड्डे याच मापाने आखावेत.

रंगीत पत्रा साधारण साडेतीन फूट रुंद असतो. एकावर एक चढवल्यावर प्रत्येकी सव्वातीन फूट जागा झाकली जाते. १५ फुटांच्या शेडला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फूट धरून ५ पत्रे पुरतात. जाडी ०.४५ किंवा ०.५० मिमी घ्यावी. ०.३५ मिमीचा पत्रा स्वस्त पडतो, पण त्यावर पाय दिला की नाळ दबते आणि वाऱ्यात स्क्रूच्या भोकाभोवती तो फाटतो.

उतार : पाच फुटांना एक फूट

धातूच्या पत्र्याला दर ५ फुटांमागे १ फूट उतार पुरेसा होतो. पावणेनऊ फुटांवर १ फूट ९ इंच उतार येतो. भिंतीकडे ९ फूट, तर खांबाकडे ७ फूट ३ इंच. माणूस डोक्यावर भारा घेऊन वाकून आत येऊ शकतो.

इथेच सिमेंटचा पत्रा अडतो. त्याला दर ३ फुटांमागे १ फूट उतार लागतो, नाहीतर जोडातून पाणी मागे चढतं. त्याच शेडला सिमेंट पत्रा घातला तर खांबाकडची उंची ६ फूट १ इंच होते आणि पुढची कड पावणेसहा फुटांवर येते. रोज कुणाचं तरी डोकं आपटणार. कौलांना याहूनही जास्त उतार लागतो. त्यामुळे भिंत १० फुटांपेक्षा कमी असेल तर धातूचा पत्राच सोयीचा. सिमेंट पत्रा उन्हात कमी तापतो, हे खरं. पण तो ठिसूळ असतो, त्यावर थेट पाय देऊन चढू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ग्राइंडरने कापून धूळ उडवू नये.

वासा केवढा घ्यायचा

१५ फुटांत ४ खांब ५-५ फुटांवर येतात आणि प्रत्येक खांबावर एक वासा. वाशाला मधे टेकू नसतो, ९ फूट तो अधांतरी असतो. त्याच्यावर पत्र्याचं वजन फारसं येत नाही. वजन येतं ते दुरुस्तीला चढलेल्या माणसांचं आणि वाळत घातलेल्या मालाचं.

चौरस चिरलेलं लाकूड असेल तर ३ बाय ५ इंचाचा वासा घ्यावा आणि ५ इंचाची बाजू उभी ठेवावी. तोच वासा आडवा बसवला तर जवळपास तिप्पट वाकतो. २ बाय ४ चा वासा सुरुवातीला चांगला दिसतो, पण दोन पावसाळ्यांत मधे झोळ पडतो आणि त्या झोळात पाणी थांबतं.

गोल बल्ली वापरायची असेल तर मध्यभागी दोरीने घेर मोजावा. १५ ते १६ इंच घेर, म्हणजे सुमारे ५ इंच जाडी असली पाहिजे. बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक अशा बल्लीत बुंध्याचं माप धरून फसू नये. साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते, हे लक्षात ठेवावं.

लोखंडात करायचं असेल तर ८० बाय ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा पाईप पुरतो. हाही ८० ची बाजू उभी धरूनच बसवायचा.

वाशांवर आडव्या पट्ट्या येतात, वेल्डिंगवाले त्यांना परलिन म्हणतात. भिंतीपासून सुरुवात करून दर ३ फुटांवर एक, अशा ४ पट्ट्या. शेवटची बरोबर खांबांच्या रेषेवर आली पाहिजे. लाकडात २ बाय ३ इंच उभी, लोखंडात ४० बाय ४० मिमी, १.६ मिमी जाडीची.

वारा वर उचलतो, किती?

ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाएवढा भरतो. उघड्या शेडमध्ये वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. आपल्या शेडचं छप्पर सुमारे १५ चौरस मीटरचं आहे. म्हणजे वर उचलणारा जोर ७०० किलोच्या आसपास. पाच पत्रे, लोखंडी वासे आणि पट्ट्या मिळून वजन मात्र १५० किलोच्या घरात. उरलेले साडेपाचशे किलो धरून ठेवायचं काम स्क्रू, बोल्ट आणि पायाच्या काँक्रीटचं. पत्र्यावर चार दगड ठेवून हा हिशेब जुळत नाही. उलट वादळात तेच दगड अंगावर येतात.

शेडच्या वाऱ्यापलीकडच्या बाजूला लाकडाची उंच रास लावली तर आत आलेला वारा अडतो आणि वरचा जोर आणखी वाढतो. म्हणून मागे रास असेल तर बाजूनेही वाऱ्याला वाट ठेवावी.

जोड तीन, तिन्ही पक्के हवेत

पहिला जोड पत्रा आणि पट्टीचा. साधा खिळा वर ओढला की सरळ निघतो. लोखंडी पट्टीवर रबरी वॉशरचा सेल्फ स्क्रू, लाकडावर लाकडाचा लांब स्क्रू वापरावा. स्क्रू नाळीत नाही, उंचवट्यावर मारावा, कारण पाणी नाळीतून वाहतं. ५५ ते ६५ मिमी लांबीचा स्क्रू लागतो. भिंतीकडच्या आणि पुढच्या शेवटच्या पट्टीवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या दोन पट्ट्यांवर एकाआड एक. वारा कडांनाच जास्त ओढतो, म्हणून तिथे दाट. असे सुमारे ८० स्क्रू लागतात, १०० आणलेले बरे. वॉशर पत्र्याला नीट टेकला की थांबावं. रबर बाजूने फुगून बाहेर आलं तर स्क्रू जास्त आवळला गेला, वर्षभरात तिथून गळणार. वॉशर हाताने फिरत असेल तर तो सैल आहे.

दुसरा जोड वासा आणि खांबाचा. लाकडात नुसते तिरके खिळे मारून चालत नाही. वाशावरून घेऊन खांबाच्या दोन्ही बाजूंना उतरणारी लोखंडी पट्टी लावून बोल्ट मारावा. लोखंडात चारही बाजूंनी वेल्डिंग हवं, दोन टाके मारून सोडू नयेत. टोकाच्या खांबांना वाशाशी तिरका हात द्यावा, म्हणजे शेड डुलत नाही.

तिसरा जोड जमिनीचा आणि भिंतीचा. प्रत्येक खांबाला सव्वा फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल काँक्रीट घातलं तर त्याचं वजन २०० किलोच्या आसपास भरतं. आपल्या शेडच्या मधल्या खांबाला वर ओढणारा जोर १०० किलोच्या जवळ जातो, त्यामुळे एवढं पुरतं. नुसत्या मातीत दगड ठोकून रोवलेला खांब पहिल्या पावसात माती भिजली की सैल होतो. काँक्रीट जमिनीच्या ४ ते ६ इंच वर आणावं. शेडमध्ये शेळ्या बांधणार असाल तर हे चुकवूच नये, मूत आणि ओलीने खांब नेमका जमिनीलगत कुजतो किंवा गंजतो.

भिंतीच्या बाजूला आडवी तुळई भिंतीच्या आरपार जाणाऱ्या १२ मिमी बोल्टने, दर अडीच फुटांवर आवळावी. आतल्या बाजूला रुंद लोखंडी चकती हवी. मातीची भिंत किंवा बांबूचा कूड असेल तर मात्र त्याला काहीही ठोकू नये. शेड उडताना भिंतही ओढली जाते. अशा घराला भिंतीपासून अर्धा फूट सोडून मागेही चार उंच खांब रोवावेत आणि शेड स्वतःच्या पायावर उभी करावी. खर्च वाढतो, पण घर वाचतं.

पत्रे चढवण्याचा क्रम

पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. म्हणून पहिला पत्रा वाऱ्याच्या उलट टोकाला, म्हणजे पूर्व किंवा उत्तरेकडच्या कडेला घालावा आणि पुढचा त्याच्यावर चढवत वाऱ्याच्या दिशेने यावं. असं केलं की जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही आणि पाणी आत घुसत नाही.

भिंत आणि पत्र्याच्या सांध्यावर काटकोनात वाकवलेली पत्र्याची पट्टी लावावी. वरची बाजू विटांत खाच पाडून सिमेंटने भरावी, खालची बाजू पत्र्यावर ६ इंच आली पाहिजे. नुसतं सिमेंट लिंपलं तर उन्हात पत्रा फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांत चीर पडते.

पाऊस येण्याआधी तपासणी

काम झाल्यावर भिंतीच्या बाजूने दोन-तीन बादल्या पाणी ओतून एकाने खाली उभं राहावं. कुठे थेंब दिसला तर तिथला वॉशर बघावा. पुढच्या कडेला दोरी ताणून मधला झोळही तपासावा. पहिल्या वादळानंतर पत्रा खडखडू लागला तर स्क्रू सैल झाले आहेत. स्क्रूभोवती तांबूस वर्तुळ दिसलं तर तिथे गंज धरला आहे, तो स्क्रू बदलून जरा जाड स्क्रू नव्या वॉशरसह घालावा. एक सैल स्क्रू शेजारच्या स्क्रूवर भार टाकतो आणि पत्रा असा एकेका स्क्रूनेच सुटत जातो.