किमान शिल्लक, सरासरी आणि तूट : डहाणू-तलासरीच्या बचत खात्यांच्या निमित्ताने

बचत खात्यात ‘किमान शिल्लक’ ठेवावी लागते, असे आपण सर्रास म्हणतो. त्यातून खातेदाराची समजूत होते, की ठरलेल्या रकमेखाली खाते एक दिवस जरी गेले तरी दंड बसतो. काही खात्यांत तसा नियम असतोही. पण बहुतेक बँका दिवसाची शिल्लक तपासत नाहीत, त्या महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी तपासतात. रोज रात्री व्यवहार बंद होताना खात्यात उरलेली रक्कम घ्यायची, महिन्यातल्या सर्व दिवसांच्या अशा रकमांची बेरीज करायची आणि तिला दिवसांच्या संख्येने भागायचे. आलेला आकडा म्हणजे सरासरी मासिक शिल्लक. ती मर्यादेपेक्षा जितकी कमी, तितकी तूट. शुल्क बसते ते या तुटीवर.

म्हणजे पैसे किती होते याइतकेच ते किती दिवस खात्यात राहिले, हेही मोजले जाते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नेमके इथेच अडते. इथल्या पुष्कळ आदिवासी कुटुंबांचे उत्पन्न बारा महिने सारखे नसते. भातशेती संपली की कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो, कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत. पैसा एकदम येतो आणि उधारी, किराणा, औषधपाणी यांत लगेच बाहेर जातो. वर्षाची कमाई ठीक असूनही महिन्याची सरासरी खाली राहते.

एक कल्पित पण नेहमी घडू शकेल असा हिशेब मांडून पाहू. डहाणूच्या शाखेतले खाते, मर्यादा 2,000 रुपये, महिना 30 दिवसांचा. पहिले दहा दिवस खात्यात 200 रुपये आहेत. अकरा तारखेला मजुरीचे 4,000 जमा झाले आणि शिल्लक 4,200 झाली. सोळा तारखेला 3,000 काढले, शिल्लक 1,200 राहिली आणि महिनाअखेरपर्यंत तशीच होती. दहा दिवसांचे 2,000, पुढच्या पाच दिवसांचे 21,000 आणि शेवटच्या पंधरा दिवसांचे 18,000, मिळून 41,000. तीसने भागले की सरासरी सुमारे 1,367 येते, म्हणजे तूट 633 रुपयांची. बँकेचा दर तुटीच्या सहा टक्के धरला तर शुल्क 38 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 45 रुपयांच्या आसपास.

आता तेच 3,000 रुपये सोळाऐवजी तेवीस तारखेला काढले असते तर? बारा दिवस 4,200 आणि आठ दिवस 1,200 धरून बेरीज 62,000 होते, सरासरी सुमारे 2,067 आणि शुल्क शून्य. कमाई तीच, खर्च तोच, फरक सात दिवसांचा. पण ज्या घरात दुकानदार उधारीसाठी थांबला आहे, तिथे हे सात दिवस कुठून आणायचे? म्हणून ‘पैसे खात्यात राहू द्या’ हा सल्ला हिशेबाने बरोबर असला तरी या घरांच्या उपयोगाचा नाही.

तूट भरून काढायचीच तर ती लवकर भरावी लागते. वरच्याच उदाहरणात वीस तारखेअखेर बेरीज 29,000 झालेली असते, आणि मर्यादा गाठायला एकूण 60,000 हवेत. उरलेल्या दहा दिवसांत रोज 3,100 रुपये असले पाहिजेत, म्हणजे एकवीस तारखेला 1,900 भरले की पुरते. तीस तारखेपर्यंत थांबलो तर त्या एका दिवसासाठी 19,000 भरावे लागतील. महिनाअखेरीस पाचशे-हजार टाकून दंड टळेल असे मानणाऱ्याचा हिशेब इथे चुकतो.

मर्यादा किती असावी, हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही; तो निर्णय बँकेचा. ती साधारणपणे शाखा कुठे आहे यावर ठरते, खातेदार कुठे राहतो यावर नाही. दहा हजारांच्या आत लोकसंख्या असलेले ठिकाण ग्रामीण, एक लाखाच्या आतले निमशहरी, त्यापुढे शहरी. 2011च्या जनगणनेनुसार डहाणू निमशहरी वर्गात बसते, वापी शहरी वर्गात. म्हणून तलासरीतल्या पाड्यावर राहणाऱ्या तरुणाचे खाते वापीच्या शाखेत असेल, तर त्याला शहरी मर्यादा लागू शकते.

असे खाते बहुधा पगार खाते म्हणून उघडलेले असते आणि तेव्हा त्याला शिल्लक ठेवायची अट नसते. काम सुटते, पगार येणे थांबते. काही महिने, अनेक बँकांत तीन महिने, पगार जमा झाला नाही की खाते साध्या बचत खात्यात बदलते आणि अट लागू होते. खातेदार मात्र ते ‘झिरो बॅलन्सचे’ आहे असेच धरून चाललेला असतो. त्यात आधारची भर पडते. सरकारी योजनेचे पैसे थेट जमा होतात ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत. गावच्या शाखेत जनधन खाते असूनही नंतर कारखान्याच्या बँकेत आधार जोडले गेले असेल, तर अनुदान त्या अट असलेल्या खात्यात पडते आणि शुल्क त्यातून वळते होते. हे ओळखायचे तर आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते पाहावे आणि पासबुक भरून घेऊन ‘मिनिमम बॅलन्स चार्जेस’ किंवा तशाच अर्थाच्या नोंदी शोधाव्यात.

रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014च्या परिपत्रकाने, जे 1 एप्रिल 2015पासून लागू झाले, काही बंधने घातली. शिल्लक कमी झाल्यावर बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. शुल्क तुटीच्या प्रमाणात असायला हवे. आणि निव्वळ या शुल्कापायी खाते उणे होता कामा नये. माझ्या मते यातली सूचनेची अटच सर्वांत महत्त्वाची, आणि हंगामी मजुराच्या बाबतीत तीच सर्वांत कमकुवत. त्याचा मोबाइल क्रमांक बदललेला असतो, एसएमएस जुन्या क्रमांकावर जातो. कागदावर नियम पाळला जातो, पण माणसाला काही कळत नाही.

2020मध्ये स्टेट बँकेने बचत खात्यांची ही अट काढली आणि 2025मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन बँक, बँक ऑफ बडोदा यांनी बहुतेक बचत खात्यांवरचे असे शुल्क थांबवले. अनेक खासगी बँकांत मात्र अट कायम आहे, आणि कारखान्यांची पगार खाती पुष्कळदा अशा बँकांत असतात.

यावर नेमका उपाय म्हणजे मूलभूत बचत ठेव खाते. त्याला किमान शिल्लक लागत नाही, पैसे भरण्यावर मर्यादा नसते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. जनधन खाती याच प्रकारची. सध्याचे बचत खाते त्यात बदलून द्या, असा लेखी अर्ज शाखेत करता येतो. एक अट आहे : त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी, कारण बदल होईपर्यंत लागलेले शुल्क परत मागताना तारीख सिद्ध करावी लागते. सूचना न देता शुल्क कापले असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते. तिथे पासबुकातील नोंदीची तारीख आणि तेव्हा बँकेकडे नोंदलेला आपला मोबाइल क्रमांक, ही दोन्ही सोबत द्यावीत. सूचना गेली होती की नाही, हे बँकेला त्या क्रमांकावरूनच दाखवावे लागते.