कुंपणाच्या आतून

चार भिंतींचा एक चौरस घेऊ. एक कारखाना दोन मालांचं उत्पादन करतो, x आणि y. दोन्ही शून्यापेक्षा कमी होऊ शकत नाहीत आणि एका टनापेक्षा जास्त निघू शकत नाहीत. नफा 2x + y. उत्तर समोरच दिसतं: दोन्ही माल पूर्ण, नफा ३. पण यंत्राला ते दिसत नाही, त्याला शोधत जावं लागतं.

जॉर्ज डँटझिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत हा शोध भिंतींच्या कडेने घेते. ती (0,0) पासून निघते, नफा वाढवणारी कड धरून (1,0) वर जाते, तिथून (1,1) वर पोहोचते आणि थांबते. सरळ रेषांच्या बंधनांत उत्तम उत्तर, असेल तर, कुठल्यातरी कोपऱ्यावर सापडतंच, त्यामुळे कोपरे तपासणं शहाणपणाचंच आहे. मात्र १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी किंचित दाबलेला असा एक घन दाखवला की n मिती असताना डँटझिग यांच्या नियमाने जाणारी ही पद्धत सगळ्या 2ⁿ कोपऱ्यांवरून फिरून येते. व्यवहारातल्या गणितांत असं क्वचितच होतं, पण तशी हमी कुणी देऊ शकत नव्हतं.

भिंतीला न शिवता आतून जाण्याची कल्पना याआधीच कागदावर उतरली होती. ऑस्लोचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांनी १९५५ मध्ये उद्दिष्टालाच कुंपण जोडलं. आपल्या चौरसासाठी ते असं होतं:

```
2x + y + μ[ln x + ln(1−x) + ln y + ln(1−y)]
```

एखादी भिंत जवळ आली की तिचा लॉग उणे अनंताकडे कोसळतो, म्हणून बिंदू आपोआप आत राहतो. μ (म्यू) म्हणजे भिंतीच्या भीतीचं प्रमाण. तो प्रचंड असेल तर नफ्याला किंमतच उरत नाही आणि बिंदू बरोबर मध्यावर, (0.5, 0.5) वर बसतो. म्यू 1 केला की वरच्या राशीचं महत्तम (0.707, 0.618) वर येतं. 0.1 केला की (0.952, 0.910) वर आणि 0.01 केला की (0.995, 0.990) वर. हे बिंदू जोडणारी वक्ररेषा म्हणजे मध्यमार्ग. ती कोपऱ्याकडे जाते, पण भिंतीला घासत नाही. आणखी एक सुंदर गोष्ट अशी की या मार्गावर भिंतींची संख्या गुणिले म्यू एवढी त्रुटीची कमाल मर्यादा हातात मिळते. शेवटच्या टप्प्यावर 4 × 0.01, म्हणजे 0.04. प्रत्यक्षात नफा 2.98 आहे, तूट 0.02 ची. उत्तर माहीत नसतानाही आपण त्यापासून किती लांब आहोत हे कळत राहतं.

फियाको आणि मॅककॉर्मिक यांनी १९६८ मध्ये या पद्धतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. तरीही सत्तरच्या दशकात ती मागे पडली. कारण खरं होतं: म्यू एक लक्षांश झाला की आपल्या राशीची भिंतीलगतची वक्रता लाखाच्या घरात जाते. मोठ्या गणितांत काही दिशांना वक्रता अशी अफाट असते, काहींना जवळपास शून्य. अशी समीकरणं संगणकाच्या मर्यादित अंकांत सोडवायला लोक घाबरले. शिवाय रेषीय गणितं सिम्प्लेक्सकडे सोपवलेली होतीच.

मग १९८४ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर बेल लॅब्जमधून पुढे आले. त्यांची पद्धत दर पावलाला जागेचं रूपांतर करून चालू बिंदू मध्यावर आणते आणि तिथून पाऊल टाकते. मध्यावर कुठलीही भिंत अंगावर आलेली नसते, त्यामुळे लांब पाऊल टाकता येतं. पावलांची संख्या बहुपदीने बांधलेली राहते, हे त्यांनी सिद्ध केलं. ही हमी १९७९ मध्ये खाचियान यांच्या लंबगोल पद्धतीनेही दिली होती, पण ती चालवायला फार मंद होती. करमरकरांची पद्धत सिम्प्लेक्सपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान असल्याच्या दाव्यावर मोठा वाद झाला.

माझ्या मते या वंशावळीतलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष १९८६. गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवलं की करमरकरांचं पाऊल म्हणजे विशिष्ट म्यू निवडून टाकलेलं लॉग-कुंपणाचंच पाऊल. दोन घराणी एकच निघाली. यात करमरकरांचं श्रेय तसूभरही कमी होत नाही: टाकून दिलेल्या कल्पनेला सिद्धतेचा आधार मिळाला तो त्यांच्यामुळे. त्या वक्रतेच्या भीतीचंही पुढे निरसन झालं. मार्गारेट राइट यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की ती बिघडलेली समीकरणं विशिष्ट घडणीची असतात, आणि त्यांतल्या चुका बहुतेक वेळा पावलाची दिशा बिघडवत नाहीत. १९७३ साली गेलेल्या फ्रिश यांना यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

आज लाखो बंधनांचं गणितही या पद्धतीने बहुधा काही डझन पावलांत सुटतं. प्रत्येक पाऊल मात्र महागडं असतं, कारण दर वेळी एक मोठी समीकरणमाला सोडवावी लागते. पाऊल भिंतीपलीकडे पडलं तर लॉगच उरत नाही, म्हणून भिंतीपर्यंतच्या अंतराचा ९९ टक्क्यांच्या आसपासचा भागच चालतात. आणि आपल्या चौरसात नफा फक्त 2x ठेवला तर x = 1 ही सगळी कडच उत्तर ठरते. मध्यमार्ग तिच्या मधोमध, (1, 0.5) कडे जातो, कोपऱ्यावर नाही. कोपराच हवा असेल तर शेवटी कोपऱ्याकडे सरकण्याचा वेगळा टप्पा जोडतात, आणि त्या टप्प्यात काम सिम्प्लेक्सच्याच पावलांनी चालतं.