खुपरी (ट्रॅकोमा)

खुपरी हा ‘क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस’ या जीवाणूमुळे होणारा डोळ्यांचा संसर्गजन्य रोग असून, त्यात बालपणी वारंवार होणाऱ्या संसर्गाने वरच्या पापणीच्या आतील बाजूस व्रण पडत जातात आणि पुढे प्रौढ वयात दृष्टी कायमची जाऊ शकते. बोलीभाषेत तिला ‘खुपऱ्या’ असेही म्हणतात. संसर्गामुळे अंधत्व आणणाऱ्या रोगांमध्ये जगभरात तिचे स्थान पहिले आहे.

एकाच संसर्गाने अंधत्व येत नाही, ही या रोगाची सर्वांत महत्त्वाची बाब होय. जीवाणू पापणीच्या आतील पातळ अस्तरात, म्हणजे नेत्रश्लेष्मलेत, पेशींच्या आत वाढतो. त्याला प्रतिकार करताना तेथे पांढऱ्या पेशींचे बारीक, फिकट दाणे उमटतात, त्यांना पुटके म्हणतात. असा एखादा संसर्ग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो आणि फारशी खूण मागे ठेवत नाही. परंतु त्यातून टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होत नसल्याने त्याच घरातील भावंडांकडून तो पुन्हा लागतो. अंधत्वापर्यंत पोचण्यास शंभराहून अधिक संसर्ग व्हावे लागत असावेत, असा अंदाज गणिती प्रतिमानांवरून बांधला गेला आहे. दरवेळी होणाऱ्या दाहामुळे अस्तराखाली व्रणऊतक साचते, ते आकसते आणि पापणीला आकार देणारी चिवट पट्टी आतल्या बाजूस वाकते. मग पापणीचे केस बाहेर न राहता बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापेला स्वच्छमंडलावर, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पडद्यावर, ओरखडे उठतात, तेथे इतर जंतूंचा शिरकाव होतो आणि अखेरीस तो पडदा अपारदर्शक होतो. या अवस्थेत डोळ्यात जिवंत जीवाणू बहुधा उरलेलाही नसतो. म्हणून आलेले व्रण औषधाने जात नाहीत.

निदान साध्या पद्धतीने करता येते. पापणी उलटी करून अडीचपट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यावर वरच्या पापणीच्या मध्यभागी किमान अर्धा मिलीमीटर रुंदीची पाच किंवा अधिक पुटके आढळली, तर तिला सक्रिय खुपरी मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1987 मध्ये रूढ केलेल्या सोप्या वर्गीकरणात पुटके, तीव्र दाह, व्रण, आत वळलेले केस आणि स्वच्छमंडलाची अपारदर्शकता या पाच खुणा आहेत. स्वच्छमंडलाच्या कडेवरील जुन्या पुटकांच्या जागी उरणारे खळगे ‘हर्बर्टचे खळगे’ या नावाने ओळखले जातात. हे नाव मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रशल्यविद्या शिकवणारे हर्बर्ट हर्बर्ट यांच्यावरून आले. मात्र पुटके व संसर्ग यांचा मेळ नेहमी बसत नाही: जीवाणू नाहीसा झाल्यावरही पुटके बराच काळ टिकतात आणि त्यामुळे औषधवाटपानंतरच्या पाहणीतील आकडे वाचताना जपून राहावे लागते.

संसर्ग मुलांच्या डोळ्यांतील व नाकातील स्रावातून बोटे, टॉवेल, पदराची टोके, एकच काजळाचे बोट आणि माश्या यांच्या मार्गे पसरतो. ‘मस्का सॉरबेन्स’ ही माशी उघड्यावरील मानवी विष्ठेवर अंडी घालते आणि डोळ्यांतल्या स्रावासाठी मुलांच्या चेहऱ्याभोवती घोंगावते. मुलांचा सांभाळ करणाऱ्या स्त्रियांना आयुष्यभर नवनवे संसर्ग होत राहतात, म्हणूनच आत वळलेल्या केसांचे प्रमाण पुरुषांपेक्षा त्यांच्यात बरेच जास्त आढळते.

वारंवारतेच्या या साखळीचे वेगवेगळे दुवे एकाच वेळी तोडण्यासाठी शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा अशी चौपदरी योजना आखण्यात आली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सेफ’ धोरण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये या रोगाच्या निर्मूलनासाठी आघाडी उभारली. यातील शस्त्रक्रिया अंधत्वाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी असते: भूल देऊन पापणीच्या कडेपासून सुमारे तीन मिलीमीटर वर छेद घेतात आणि टाके घालून कड बाहेरच्या बाजूस वळवतात. प्रशिक्षित परिचारक ती गावातच करू शकतात, हा तिचा मोठा लाभ आहे. परंतु ती गेलेली दृष्टी परत आणत नाही, आणि केस पुन्हा आत वळण्याचे प्रमाणही लक्षणीय असते. इथिओपियात केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन शस्त्रक्रियापद्धतींच्या तुलनेत वर्षभरात ते एका पद्धतीत 22 टक्के, तर दुसरीत 13 टक्के आढळले. म्हणजे कोणती पद्धत वापरली आणि हात किती सराईत आहे यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहते.

प्रतिजैविकांमध्ये ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा, किलोमागे 20 मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त एक ग्रॅम, संपूर्ण वस्तीला देतात. वजनकाट्याऐवजी उंचीची पट्टी वापरून मात्रा ठरवली जाते. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांना टेट्रासायक्लिनचे मलम दिले जाते. आजारी मुलांनाच औषध न देता सगळ्या गावाला देण्याचे कारण असे, की लक्षणे नसलेली मुलेही संसर्ग वाहतात आणि उपचार घेतलेल्या मुलाला ती पुन्हा तो देतात. एक ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये पुटके आढळण्याचे प्रमाण 5 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असल्यास वाटपाची एक फेरी, 10 ते 30 टक्के असल्यास तीन आणि त्याहून अधिक असल्यास किमान पाच वार्षिक फेऱ्या, असा दंडक आहे.

हा दंडक कोठे अपुरा पडतो, हे इथिओपियातील अम्हारा प्रांतात दिसते. तेथे 2010 पर्यंत सर्व जिल्ह्यांत वाटप पोचले होते आणि ते वर्षानुवर्षे चालू राहिले, तरी नंतरच्या पाहण्यांत सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या डोळ्यांत पुटके आढळली. औषधाला जीवाणू दाद देईनासा झाला, असे कारण यामागे दिसत नाही; संसर्गाचा वेगच इतका मोठा आहे, की दोन फेऱ्यांमधील वर्षभरात तो पुन्हा वर चढतो. त्यामुळे पाणी, शौचालये व चेहरा धुण्याच्या सवयी यांवर मोठी आशा ठेवली गेली. याच प्रांतात 40 वस्त्यांची तुलना करून तीन वर्षे चाललेल्या चाचणीत मात्र, पाण्याची सोय व स्वच्छताप्रचार मिळालेल्या वस्त्यांतील मुलांच्या संसर्गात इतरांच्या तुलनेत घट दिसली नाही. यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरत नाही. दूरवरून डोक्यावर पाणी वाहून आणणाऱ्या कुटुंबात चेहरा दिवसातून कितीदा धुतला जाईल, हा प्रश्न तीन वर्षांच्या प्रचाराने सुटणारा नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते.

निर्मूलनाचा निकष तिहेरी आहे. एक ते नऊ वर्षांच्या मुलांत पुटकांचे प्रमाण 5 टक्क्यांखाली असावे, पंधरा वर्षांवरील लोकांत आरोग्ययंत्रणेला माहीत नसलेले आत वळलेल्या केसांचे रुग्ण हजारांमागे दोनपेक्षा कमी असावेत आणि अशा रुग्णांना शोधून शस्त्रक्रिया करणारी व्यवस्था कार्यरत असावी. भारतात राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम 1963 मध्ये सुरू झाला, पुढे तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावला गेला. 2014 ते 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत मुलांतील सक्रिय खुपरी 0.7 टक्के आढळली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. तरीही तिसरा निकष पूर्णपणे लागूच राहतो, कारण बालपणी पडलेले व्रण आकसायला दशके लागतात आणि पूर्वी संसर्ग झालेल्या पिढीतील वृद्धांच्या पापण्या यापुढेही वळत राहणार आहेत.