शिडीचा समतोल
शिडीचा समतोल : भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी जमीन व भिंत या दोन्ही ठिकाणी घर्षण असताना घसरेल की स्थिर राहील, हे ठरविण्याचा स्थितिकीतील एक जुना प्रश्न. तो वरकरणी सोपा दिसला, तरी शिडीवर नेमक्या किती प्रेरणा कार्य करतात, हे केवळ समतोलाच्या नियमांवरून सांगता येत नाही. असे असूनही शिडी घसरेल की नाही, याचा निर्णय मात्र देता येतो. या प्रश्नाचे वैशिष्ट्य यातच आहे.

या निर्णयाचा पाया घर्षणाच्या नियमांत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गीयोम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये पॅरिस येथील अकादमीपुढे असे मांडले की, घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते व स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते. लेनर्ड ऑयलर यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत स्थिर व गतिमान पदार्थांच्या घर्षणांत भेद केला. पुढे शार्ल कुलंब यांनी रॉशफॉर येथे विस्तृत प्रयोग करून या नियमांना बळकटी आणली. त्यांचा पारितोषिकप्राप्त निबंध १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमांतील मर्म असे की, स्थिर पदार्थावरील घर्षणाला ठराविक मूल्य नसते. ते गरजेप्रमाणे वाढते. मात्र दाब व घर्षणांक यांच्या गुणाकाराएवढी त्याची कमाल मर्यादा असते.

शिडीच्या दोन टोकांशी मिळून चार अज्ञात प्रेरणा असतात : जमिनीचा दाब व घर्षण आणि भिंतीचा दाब व घर्षण. समतोलाची समीकरणे मात्र तीनच मिळतात. त्यामुळे शिडी घसरण्याच्या बेतात नसेल, तेव्हा भिंतीवरील घर्षण किती, हे शिडी कशी टेकवली व ती किती वाकते यांवर अवलंबून राहते. अशा अनिर्धार्य प्रश्नांत पदार्थाची स्थितिस्थापकता विचारात घेण्याची रीत नाव्ह्ये यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत दाखविली. घसरण्याच्या निर्णयासाठी मात्र एवढ्या तपशिलाची गरज नाही. घर्षणाची मर्यादा न ओलांडता समतोल साधेल अशा प्रेरणा शक्य आहेत की नाहीत, एवढेच पाहावे लागते.

हे भूमितीने सहज दिसते. प्रत्येक टोकाशी दाब व घर्षण यांची मिळून होणारी प्रतिक्रिया लंबरेषेपासून ‘घर्षण कोना’पेक्षा जास्त कलू शकत नाही, या कोनाचे स्पर्शक गुणोत्तर म्हणजेच घर्षणांक. म्हणून दोन्ही टोकांपासून अशा मर्यादारेषा काढल्यास त्यांच्यामधील क्षेत्रे एका भागात एकमेकांवर येतात. एकूण वजनाची उभी रेषा या समाईक भागातून गेली, तर तिन्ही प्रेरणा एका बिंदूत मिळू शकतात व शिडी टिकते. शिडीचा पाया भिंतीपासून a अंतरावर, तिचे टोक h उंचीवर आणि जमीन व भिंत यांचे घर्षणांक अनुक्रमे μ₁ व μ₂ असल्यास, वजनाची रेषा पायापासून भिंतीकडे पुढील अंतरापर्यंत चालते :

x = μ₁(h + μ₂a) / (1 + μ₁μ₂)

उदाहरणार्थ, ५ मी. लांबीची, २० किग्रॅ. वजनाची एकसारखी शिडी भिंतीपासून ३ मी. अंतरावर उभी केली, तर तिचे टोक ४ मी. उंचीवर येते. जमिनीचा घर्षणांक ०·४ व भिंतीचा ०·२५ धरल्यास x सु. १·७३ मी. येते. रिकाम्या शिडीचे वजन १·५ मी. अंतरावर असल्याने ती स्थिर राहते. मात्र तिच्यावरून ६० किग्रॅ. वजनाचा माणूस चढू लागला, तर शिडीवरून सु. ३ मी. अंतर गेल्यावर एकूण वजनाची रेषा मर्यादेला पोहोचते. त्यापुढे शिडी घसरते. म्हणजे रिकामी शिडी टिकली, यावरून ती वरपर्यंत चढण्यास सुरक्षित आहे असे ठरत नाही. याउलट तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस तळच्या पायरीवर पायाजवळ उभा राहिला, तर एकूण वजनाची रेषा मागे सरकते आणि पहिल्याला टोकापर्यंत जाता येते.

भिंत पूर्ण गुळगुळीत मानली, तर याच उदाहरणात ३ मी. ऐवजी सु. २·७ मी. एवढे चढता येते. म्हणजे भिंतीच्या घर्षणाचा लाभ थोडाच आहे. जमीन गुळगुळीत असेल, तर μ₁ शून्य होऊन x ही शून्य होते व भिंत कितीही खडबडीत असली, तरी शिडी उभी राहत नाही. म्हणून आधार पाहावयाचा तो मुख्यतः पायाशी. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाया ठेवण्याचा प्रचलित संकेतही याच्याशी जुळतो : तसे केल्यास भिंत गुळगुळीत मानूनही जमिनीचा घर्षणांक ०·२५ असला, की टोकापर्यंत चढता येते.

या निर्णयाला मर्यादा आहेत. ओल, तेल वा वाळू यांमुळे घर्षणांक बराच घटतो आणि चढणाऱ्याच्या हिसक्यांनी प्रेरणा क्षणोक्षणी बदलतात. शिवाय गतिमान घर्षण सामान्यतः स्थितिक घर्षणापेक्षा कमी असल्याने, एकदा घसरू लागलेली शिडी सहसा आपोआप थांबत नाही. म्हणून गणिताने काढलेली मर्यादा गाठण्यापूर्वीच थांबणे आवश्यक ठरते.