काळेवाडीतल्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवायचं, तर प्रत्येक फ्लॅटला किती पैसे भरावे लागतील?

लिफ्ट, पाण्याचा पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे. सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल यातूनच बनतं. हे बिल कमी करण्यासाठी गच्चीवर सोलर बसवायचा प्रस्ताव आला की सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न येतो: वर्गणी किती?

त्याआधी महावितरणची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. हिशेबापुरती ४० फ्लॅटची एक सोसायटी धरू, जिथे कॉमन मीटरवर महिन्याला १,२०० युनिट लागतात, म्हणजे वर्षाला १४,४००. आपल्याकडे एक किलोवॉटचं सोलर वर्षाला साधारण १,३०० युनिट वीज देतं. म्हणजे इथे १० किलोवॉट पुरे. त्यासाठी सावली नसलेली सुमारे हजार चौरस फूट गच्ची लागेल. टाकीची सावली कुठपर्यंत येते, हे सकाळी आणि दुपारी प्रत्यक्ष वर जाऊन बघा.

किलोवॉटमागे ६० हजार रुपये धरले (कोटेशन वेगळं येऊ शकतं), तर खर्च ६ लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे १ लाख ८० हजार. पण ते यंत्रणा सुरू झाल्यानंतर मिळतं. त्यामुळे सुरुवातीला फ्लॅटमागे १५ हजार गोळा करावे लागतात आणि नंतर ४,५०० परत येतात. प्रस्तावात फक्त १०,५०० लिहिलं, तर काम मध्येच अडकतं.

वर्गणी सारखी की फ्लॅटच्या आकारानुसार? भांडण इथेच होतं. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असतं आणि कॉमन वीजबिल बहुतेक ठिकाणी त्यातच धरतात. बचत समान वाटली जाणार असेल, तर खर्चही समान वाटणं मला योग्य वाटतं.

युनिटला १० रुपये धरले, तर १३ हजार युनिटमागे वर्षाला १ लाख ३० हजार वाचतात. फ्लॅटमागे महिन्याला साधारण २७० रुपये, आणि सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. तुमचा खरा दर बिलावर बघा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे ‘शून्य बिल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिथेच थांबवा.

गरजेपेक्षा मोठी यंत्रणाही नको. नेट मीटरिंगमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्षाअखेर उरलेल्या युनिटना फारच कमी दर मिळतो. दोन इमारतींचे कॉमन मीटर वेगळे असतील, तर सोलर कोणत्या मीटरला जोडणार हे आधीच लेखी ठरवा.

वरच्या मजल्यावरच्यांची गळतीची भीती खरी आहे. वॉटरप्रूफिंग पॅनेल लावण्याआधीच करून घ्या, कारण नंतर सगळा सांगाडा काढावा लागतो. आणि हो, बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर हे सोलरही बंद पडतं. लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागेल.